पाठ टाचणातून सेशन प्लॅन: ताईचा रेझ्युमे आम्ही तीनदा का लिहिला

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

आजचा विषय जरा घरातलाच आहे. माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, नऊ वर्षं एका खासगी शाळेत सेमी-इंग्रजीला गणित आणि विज्ञान शिकवत होती. पुढच्या वर्षी एक तुकडी बंद होणार असं शाळेत सगळ्यांना कळलं होतं, आणि पगार दोन-दोन महिने उशिरा होत होते. तिला कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये जायचं होतं. तीस-एक ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन नाही. दिवाळीत भेटलो तेव्हा म्हणाली, "अरे, तू कंपनीत आहेस ना, एकदा बघ की माझ्या रेझ्युमेत काय चुकतंय."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, एचआर नाही, हे आधीच सांगतो. पण आमच्या ऑफिसात ट्रेनिंगचं काम बघणारी एक सीनियर मैत्रीण आहे. नव्या लोकांच्या बॅचेस घेणाऱ्या ट्रेनर्सची भरती तिने बरीच वर्षं केलीय. या भागातलं जे शहाणपणाचं आहे ते बहुतेक तिचं आणि ताईचं. चुका माझ्या.

तर ताईने फाइल पाठवली. पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती. शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे' आणि सहीसाठी जागा. शाळांना असाच बायोडेटा लागतो, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. अनुभवाखाली चार ओळी: आठवी ते दहावी गणित-विज्ञान अध्यापन, वर्गशिक्षिका, विज्ञान प्रदर्शन प्रमुख, दहावीचा निकाल सलग पाच वर्षं शंभर टक्के. नऊ वर्षं चार ओळींत संपली.

मग मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. ट्रेनिंगच्या जागांच्या दहा-बारा जाहिराती उघडल्या, त्यातले शब्द उचलले आणि तिच्या कामावर चिकटवले. पालकसभेचं झालं 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट'. ४७ मुलांच्या वर्गाचं झालं '४७ सदस्यांच्या टीमचं नेतृत्व'. हजेरीचं झालं 'डेटा मॅनेजमेंट', आणि गॅदरिंगचं झालं 'एंड टू एंड इव्हेंट एक्झिक्युशन'. दोन तासांत दीड पान भरलं. मला वाटलं, कसलं भारी झालंय.

मैत्रिणीला दाखवलं. तिने अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, "ही बाई नक्की काय काम करते?"

मी म्हणालो, शिक्षिका आहे.

"मग तसं लिहिलं का नाहीस? शिक्षिका असल्याचं लपवतेय असं वाटतंय हे वाचून. आणि ४७ जणांची टीम? अप्रेझल करायची का त्यांचं? कामावरून काढू शकत होती? मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येणार, आणि ती बिचारी तिथेच अडकणार."

ते ऐकून मला जरा लाजच वाटली. माझा रेझ्युमे असता तर एक वेळ ठीक, पण तिचा पुढचा पगार यावर अवलंबून होता. आमच्याकडे कोड रिफॅक्टर करतात, म्हणजे कोडची रचना बदलतात, पण तो जे काम करतो ते बदलू द्यायचं नसतं. मी उलटं केलं होतं. रचना तीच ठेवली आणि कामच बदलून टाकलं.

मग मैत्रिणीने मला बसवून सांगितलं की ती ज्या जागा भरते त्यातल्या ट्रेनरचा दिवस कसा जातो. हे कळल्याशिवाय पुढचं काही नीट लिहिता येत नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

कॉर्पोरेट ट्रेनर हा एकच प्रकार नाही. कुणी मॅनेजर लोकांच्या दोन दिवसांच्या वर्कशॉप घेतं, कुणी नुसतं ऑनलाइन कोर्सेसचं साहित्य लिहितं, कुणी बॅचेस, हॉल आणि हजेरी सांभाळतं. शाळेतून येणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळचं दार म्हणजे प्रोसेस ट्रेनर. कॉल सेंटर, बँकांचं बॅक ऑफिस, विमा, ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांचा ग्राहक विभाग, अशा ठिकाणी वीस-पंचवीस नव्या मुलामुलींची बॅच येते. ट्रेनर त्यांना काही आठवडे वर्गात शिकवतो: कंपनीचं काम काय, सिस्टीम कशी वापरायची, ग्राहकाशी कसं बोलायचं. मध्ये मध्ये चाचण्या होतात. शेवटी सर्टिफिकेशनची परीक्षा. मग नेस्टिंग, म्हणजे खरे कॉल घ्यायचे पण कुणीतरी शेजारी बसून लक्ष ठेवणार. त्यातून पार झाले की फ्लोअरवर, म्हणजे नेहमीच्या कामावर.

आता ट्रेनरचं मोजमाप कशावर होतं? बॅचमध्ये पंचवीस आले, त्यातले किती फ्लोअरपर्यंत पोहोचले. याला ते थ्रूपुट म्हणतात. मुलं मध्येच गळली, परीक्षेत अडकली, नेस्टिंगमध्ये चुका करत राहिली, तर ट्रेनरला विचारणा होते. म्हणजे 'छान शिकवलं' याला तिथे फारसा भाव नाही. शिकवल्यानंतर समोरचा माणूस काय वेगळं करायला लागला, हे बघतात.

ट्रेनिंगच्या जगात यासाठी एक जुनी चौकट आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ती लेखांमधून मांडली. तिला चार पायऱ्या आहेत. लोकांना सेशन आवडलं का, ही पहिली. ते काही शिकले का, ही दुसरी. परत कामावर गेल्यावर त्यांची वागणूक बदलली का, ही तिसरी. आणि त्यातून संस्थेला काही मिळालं का, ही चौथी. मैत्रीण म्हणाली, "शिक्षकांचे रेझ्युमे येतात ना, ते शून्याव्या पायरीवर असतात. 'शिकवलं', एवढंच. तुझ्या बहिणीकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवरचं काही आहे का ते शोध. दोन गोष्टी मिळाल्या तरी बास."

झालं. पुढच्या रविवारी मी ताईकडे गेलो, लॅपटॉप बंद ठेवला आणि एकच प्रश्न धरून बसलो: ताई, असं कधी झालं का, की तुला आधी माहीत होतं समोरच्यांना काय येत नाही, मग तू काहीतरी केलंस, आणि नंतर परत मोजलंस?

पहिल्यांदा म्हणाली, "छे रे, आम्ही कुठे असलं मोजतो." मग चहा झाला. मग म्हणाली, "पायाभूत चाचणी घेतो ती चालेल का?"

इथे खरी गोष्ट सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आठवीचा एक वर्ग तिला नवीन मिळाला. ४७ मुलं. बीजगणित सुरू करण्याआधी तिने सातवीपर्यंतच्या गणितावर स्वतःची एक छोटी चाचणी घेतली. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज १९ मुलांना आली नाही. आपण इथे म्हणतो, कच्ची आहेत मुलं, जादा तास घ्या. ताईने पेपर परत बघितले. १९ पैकी १४ जणांनी एकच चूक केली होती: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. म्हणजे १/२ आणि १/३ ची बेरीज २/५. ही मुलं गोंधळलेली नव्हती. त्यांच्याकडे एक नियम होता, फक्त तो चुकीचा होता. उरलेल्या पाच जणांना पद्धत माहीत होती, पण पाढे येत नसल्याने लसावि काढताना अडकत होती.

मग तिने दोन गट केले. १४ जणांसाठी कागदाच्या पट्ट्या. एक पट्टी दुमडून अर्धी करायची, त्याच लांबीची दुसरी दुमडून तिसरा हिस्सा करायचा, दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, हे दोन मिळून २/५ झाले का? २/५ तर अर्ध्याहूनही कमी. म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की चुकीचा नियम आपोआप डळमळतो, असं ती म्हणाली. पाच जणांसाठी नुसता पाढ्यांचा आणि विभाज्यतेचा सराव. आठवड्याला दोन तासिका, दहा आठवडे. दिवाळीच्या सुट्टीआधी आकडे बदलून त्याच प्रकारची चाचणी. आता अडकलेली मुलं सहा.

मी थक्क होऊन ऐकत होतो. म्हटलं, अगं ताई, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

"त्यात काय लिहायचं? ते तर कामच आहे ना."

मंडळी, अडचण सगळी या वाक्यात आहे. शिक्षकाला जे रोजचं वाटतं ते तो लिहीत नाही, आणि जे शाळेत मिरवलं जातं ते लिहितो. दहावीचा शंभर टक्के निकाल कंपनीतल्या वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्या निकालात क्लासेस आले, पालक आले, बाकीचे शिक्षक आले, शिवाय मुळात कोणती मुलं शाळेत येतात तेही आलं. अपूर्णांकाच्या गोष्टीत मात्र प्रोसेस ट्रेनरचं जवळजवळ सगळं काम आहे. आधी गरज शोधली, ज्याला ट्रेनिंगवाले ट्रेनिंग नीड्स ॲनालिसिस म्हणतात. चुकीचं मूळ कारण वेगळं काढलं. कारणाप्रमाणे वेगवेगळा उपाय आखला. शेवटी परत मोजलं.

ओळ इंग्रजीत लिहिली, इथे मराठीत सांगतो. साधारण अशी झाली: 'आठवीच्या ४७ विद्यार्थ्यांची पूर्वचाचणी घेतली, मागे पडलेल्या १९ जणांच्या चुकांचं विश्लेषण करून दोन वेगळी कारणं शोधली, प्रत्येक गटासाठी स्वतंत्र सराव आखून १० आठवडे घेतला, नंतरच्या समान काठिण्याच्या चाचणीत मागे राहिलेले ६.' यात 'माझ्यामुळे सुधारणा झाली' असं कुठेही म्हटलेलं नाही. मला तसं लिहायचं होतं, ताईनेच अडवलं. म्हणाली, "त्यातली काही मुलं बाहेर शिकवणीलाही जायची. मी कशी सांगू सगळं माझंच?" बरोबर होतं तिचं. काय केलं आणि काय दिसलं एवढं लिहायचं. त्या दोन्हींमधला संबंध मुलाखतीत बोलायचा.

दुसरी गोष्ट मिळायला अजून एक तास गेला. ती पहिलीपेक्षाही मोलाची निघाली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू करायचे ठरलं आणि शाळेतल्या २२ शिक्षकांपैकी बहुतेकांनी तोपर्यंत गूगल मीट उघडलंही नव्हतं. मुख्याध्यापकांनी ताईला सांगितलं, तुम्हाला कॉम्प्युटर जमतो, तुम्ही शिकवा सगळ्यांना. तिने पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र दाखवलं आणि ते साफ फसलं. दोन तास सेशन चाललं, सगळे 'हो हो' म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा जणांचे फोन. मग तिने पद्धत बदलली. गूगल क्लासरूममधली फक्त तीन कामं निवडली: वर्ग तयार करणे, गृहपाठ टाकणे, तपासून परत पाठवणे. प्रत्येकाचे स्क्रीनशॉट लावून मराठीत दोन पानी टिपण केलं. चार-चार जणांचे गट केले, आणि सेशनमध्ये ती स्वतः काही दाखवायची नाही. शिक्षकांनी आपली स्क्रीन शेअर करायची, आपल्या हाताने करायचं, ही फक्त बोलणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एक बाई होत्या. त्यांना माउस सोडून बोटाने टॅबवर करायचं होतं, तर त्यांच्यासाठी वेगळे स्क्रीनशॉट.

चार आठवड्यांनी? १७ जण स्वतःच्या स्वतः वर्ग चालवत होते. तिघांना अधूनमधून मदत लागायची. दोघांनी शेवटपर्यंत व्हॉट्सॲपवरच गृहपाठ पाठवला. हे आकडे तिच्याकडे होते, कारण मुख्याध्यापकांना दर शनिवारी यादी द्यावी लागायची. कोणाचा वर्ग सुरू, कोणाचा नाही.

हे मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती जवळजवळ ओरडलीच. "अरे, हे तर प्रौढांचं ट्रेनिंग आहे! सिस्टीम रोलआउट! आणि तिसऱ्या पायरीवर मोजलेलं. हे सगळ्यात वर पाहिजे."

का ते तिने नीट समजावलं. शिक्षकाबद्दल भरती करणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास असते: मुलांना शिकवणं वेगळं, मोठ्यांना शिकवणं वेगळं. मुलं वर्गातून उठून जाऊ शकत नाहीत. मोठी माणसं उठून जातात, फोन बघतात, आणि 'मला हे पंधरा वर्षांपासून येतंय' असंही म्हणतात. ही शंका खरी आहे, नुसत्या शब्दांनी ती जात नाही. पण जिने तीस वर्षं नोकरी झालेल्या सहकाऱ्यांना, ज्यांना ते शिकायची अजिबात इच्छा नव्हती, नवी सिस्टीम वापरायला लावलीय, तिच्याबद्दल ती शंका निम्मी उरते. तुम्ही शिक्षक असाल तर असं काही तुमच्याकडे जवळजवळ नक्की असेल. नव्या शिक्षकांना पहिला महिना हाताशी धरलं असेल, प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर इतरांना शिकवलं असेल, ऑफिसमधल्या क्लार्कला निकालाची एक्सेल शीट समजावली असेल. ते आधी आठवा.

आता शब्दांकडे येतो. शब्द बदलायचेच नाहीत असं नाही. काही ठिकाणी गोष्ट खरोखर तीच असते आणि नाव फक्त वेगळं असतं, तिथे खुशाल बदला. पाठ टाचण आणि सेशन प्लॅन एकच आहे: उद्दिष्ट, वेळ, साहित्य, कृती, शेवटी तपासणी. वार्षिक नियोजन म्हणजे ट्रेनिंग कॅलेंडर. पूर्वचाचणी म्हणजे प्री-असेसमेंट. उपचारात्मक तासिका म्हणजे रिफ्रेशर सेशन. बदलायचं कारण साधं आहे. भरती करणारा नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी शब्द टाकून शोधतो, आणि 'पाठ टाचण' कोणी शोधत नाही.

पण जिथे अधिकार किंवा पैसा यांचा संबंध येतो, तिथे शब्द उचलायचा नाही. वर्गनियंत्रण म्हणजे पीपल मॅनेजमेंट नाही. पालक म्हणजे क्लायंट नाहीत. विज्ञान प्रदर्शनाचा चार हजारांचा खर्च सांभाळला म्हणजे बजेटिंगचा अनुभव होत नाही. आम्ही एक कसोटी ठरवली: हा शब्द वाचून समोरच्याने 'एक उदाहरण सांगा' म्हटलं, तर ताईने सांगितलेलं उदाहरण ऐकून तो हसेल का? हसणार असेल तर शब्द काढा. पालकसभेची ओळ आम्ही ठेवली, पण अशी: 'दर सत्रात ४५ च्या आसपास पालकांशी प्रगतीबद्दल वैयक्तिक चर्चा, कमी गुण आणि वर्तनाच्या तक्रारींसारखे अवघड विषय हाताळले.' चिडलेल्या माणसाला शांतपणे वाईट बातमी देता येणं, हे ग्राहक विभागात शिकवणाऱ्या माणसाला लागतंच. तिथे तेवढं पुरतं.

हुद्दाही बदलायचा नाही. अनुभवात 'सहाय्यक शिक्षिका' असेल तर तेच राहणार. पुढे पार्श्वभूमी तपासणीत शाळेला विचारलं जातं, आणि तिथे 'लर्निंग फॅसिलिटेटर' कुणी नव्हतंच असं उत्तर आलं तर मिळालेली नोकरी जाईल. कुठे जायचंय ते वरच्या तीन ओळींच्या सारांशात सांगायचं. ताईचा सारांश असा: नऊ वर्षं माध्यमिक शाळेत शिक्षिका, २२ सहकाऱ्यांना ऑनलाइन अध्यापनाची सिस्टीम शिकवली, नव्या कर्मचाऱ्यांच्या बॅचेस घेणाऱ्या ट्रेनरच्या जागेसाठी अर्ज. संपलं. बीएड खाली शिक्षणात राहिलं. ते लपवायचं काही कारण नाही, आणि वर मिरवायचंही नाही.

आता माझ्या प्रांतातली एक गोष्ट. ताईने मधल्या काळात एका फुकटच्या टेम्प्लेटमध्ये रेझ्युमे टाकला होता: डावीकडे रंगीत पट्टा, त्यात फोन आणि ईमेल, कौशल्यांपुढे पाचपैकी चार गोळे भरलेले. दिसायला सुंदर. पण अर्ज स्वीकारणारी सॉफ्टवेअर पीडीएफमधून फक्त मजकूर उचलतात. तो मजकूर कसा निघतो ते तुम्ही घरी बघू शकता. लिनक्स किंवा मॅकवर पॉपलर इन्स्टॉल असेल तर:

```
pdftotext -layout resume.pdf -
```

कमांड नको असेल तर पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ताईच्या फाइलमध्ये डाव्या पट्ट्यातला फोन नंबर शाळेच्या नावाच्या ओळीत घुसला होता, आणि भरलेले गोळे गायब. म्हणजे तिला एक्सेल किती येतं हे सांगणारी एकमेव खूण मजकुरात नव्हतीच. एक कॉलम, साधी शीर्षकं, गोळे-तारे नाहीत. दीड पान झालं, नऊ वर्षांना ते चालतं. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, ती सहीची ओळ, सगळं गेलं. पण एक भीती काढून टाका: सॉफ्टवेअर आपोआप फेकून देतं म्हणून फोन येत नाहीत, असं प्रत्येक वेळी नसतं. बऱ्याचदा मजकूर नीट पोहोचलेला असतो आणि वाचणाऱ्याला त्यात काही सापडत नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीचं तेच झालं असतं.

मैत्रिणीने अजून एक गोष्ट करायला सांगितली, ती मला फार आवडली. गूगल क्लासरूमच्या त्या सेशनचा एक पानी सेशन प्लॅन करून रेझ्युमेत त्याची लिंक द्यायची. डावीकडे मिनिटं, मध्ये ट्रेनर काय करणार, उजवीकडे शिकणारा काय करणार. ताईने तो अर्ध्या तासात लिहिला, टाचण लिहायची सवय होतीच. त्यात एक ओळ होती: 'पहिली १० मिनिटं: ट्रेनर माउसला हात लावणार नाही.' मैत्रीण म्हणाली, या एका ओळीवर मी मुलाखतीला बोलावेन. हे करताना एक काळजी मात्र घ्या. मुलांची नावं, गुणांच्या याद्या, वर्गातले फोटो असलं काही जोडायचं नाही. आकडे पुरतात.

काय जमलं नाही तेही सांगायला हवं. कंपनीत काम केल्याचा अनुभव कुठल्याही लिखाणाने येत नाही. तिला कॉल सेंटरचा फ्लोअर माहीत नव्हता, आणि ज्या जागांना 'त्याच क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव' अशी अट होती तिथे तिने अर्जच केले नाहीत. थेट मॅनेजर लोकांच्या वर्कशॉप घेणाऱ्या जागाही सोडल्या. उरलेल्या चौदा जागांना ही तिसरी आवृत्ती गेली, प्रत्येक वेळी सारांशातली शेवटची ओळ त्या जागेप्रमाणे बदलून.

तीन आठवड्यांत दोन फोन आले. पहिला पगार ऐकूनच संपला, तो शाळेपेक्षाही कमी होता. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत आणि मग पंधरा मिनिटांचं डेमो सेशन. या जागांना डेमो बहुतेक असतोच, त्याची तयारी ठेवा. मुलाखत घेणारे सर अपूर्णांकाच्या ओळीवर थांबले आणि त्यांनी विचारलं, "ते सहा जण का राहिले?"

ताईने मला हे रात्री फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलं आता उणीव काढतायत. पण उत्तर तिला पाठ करावं लागलं नाही, मुलं तिच्या डोळ्यांसमोर होती. "चौघं पाढ्यांच्या गटातली होती सर. पाच जणांसाठी दहा आठवडे मी कमी धरले, पाढे इतक्यात पक्के होत नाहीत, ती माझी नियोजनातली चूक. एकच सुटला त्यातला. उरलेली दोघं निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर होती, त्यांच्यावर माझा उपाय लागू झाला की नाही हेच मला सांगता येणार नाही."

सर म्हणे थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे बॅचमधले दर वेळी तीन-चार जण सर्टिफिकेशनला अडकतात. ट्रेनर सांगतात, मुलं सिरीयस नाहीत." आणि डेमोची तारीख दिली.

डेमोला तिने अपूर्णांक घेतला नाही. ग्राहकाला परतावा का मिळणार नाही हे ईमेलमध्ये कसं लिहायचं, हा विषय घेतला, आणि पहिली पाच मिनिटं समोरच्या तिघांनाच लिहायला लावलं. एक जूनपासून ती तिथे रुजू झालीय. पहिली बॅच २३ जणांची आहे.

तुमच्यापैकी कोणी शाळेतून बाहेर पडायचा विचार करत असेल, तर 'आधी काय येत नव्हतं, मी काय केलं, नंतर काय दिसलं' एवढं तीन वाक्यांत लिहून मेल करा. चार-पाच नमुने जमले तर पुढच्या भागात मैत्रिणीलाच बोलावतो आणि ते तिच्यासमोर वाचतो. नावं सांगणार नाही. भेटू.